छपरावरच्या पावसातून जास्तीत जास्त किती वीज निघेल? स्वतः करून पाहायचा हिशेब

मुसळधार पाऊस पडत असताना छपराच्या पाइपातून धो धो पाणी खाली येताना पाहिलं की कुणालाही वाटतं, इथे एक छोटं टर्बाइन बसवलं तर? कल्पना चुकीची नाही. धरणावरची वीजही पावसाचीच असते. पण टर्बाइन विकत घेण्याआधी कागदावर दहा मिनिटांचा हिशेब करावा, कारण इथे निसर्गाने घातलेली एक मर्यादा आहे आणि कितीही चांगलं यंत्र आणलं तरी ती ओलांडता येत नाही. या लेखात आधी ती मर्यादा काढू, मग प्रत्यक्षात त्यातलं हाती किती लागतं ते पाहू.

उदाहरणासाठी एक घर धरू. छपराचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस १००० मिलिमीटर, आणि छपराच्या कडेची पन्हळ टर्बाइनपासून ६ मीटर उंच. तुमचे आकडे वेगळे असतील. ते याच जागी घालायचे.

पहिली पायरी: पाणी किती

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं, आणि १ लिटर म्हणजे १ किलो. त्यामुळे क्षेत्रफळ गुणिले पाऊस केलं की थेट किलो मिळतात. आपल्या घरावर वर्षभरात १०० × १००० = १ लाख किलो, म्हणजे १०० टन पाणी पडतं. हा आकडा मोठा वाटतो आणि नेमका इथेच बहुतेकांचा उत्साह वाढतो.

क्षेत्रफळ मोजताना एक काळजी घ्यावी. उतरत्या छपराचे पत्रे किंवा कौलं मोजायची नाहीत, त्या छपराखाली जमीन किती झाकली जाते ते मोजायचं. ३० अंश उतार असलेल्या छपराचा पृष्ठभाग ११५ चौरस मीटर भरला, तरी ते झाकतं जेमतेम १०० चौरस मीटर, आणि पाऊस तेवढाच पकडतं. वाऱ्यामुळे पाऊस तिरका आला तर एका बाजूच्या उताराला जास्त मिळतो, पण दुसऱ्या बाजूचा तितका कमी होतो.

दुसरी पायरी: उंचीची ऊर्जा

पाणी खाली येताना जी ऊर्जा देऊ शकतं, ती वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार. १ किलो पाणी ६ मीटर खाली आलं की ९.८१ × ६ म्हणजे सुमारे ५९ ज्यूल. १०० टनांचे ५९ लाख ज्यूल. ऐकायला भरपूर, पण विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास, आणि त्यात ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे वर्षभराच्या सगळ्या पाण्याची उंचीची ऊर्जा साधारण १.६ युनिट. महिन्याची नव्हे, वर्षाची.

ज्यूल, युनिट अशी उलटापालट दर वेळी करायला नको म्हणून सगळे स्थिरांक एकत्र करून एक सोपं सूत्र मिळतं:

वॉट-तास = क्षेत्रफळ (चौ. मी.) × पाऊस (मि.मी.) × उंची (मी.) ÷ ३६७

आपल्या घरासाठी १०० × १००० × ६ ÷ ३६७ = १६३५ वॉट-तास. ३६७ हा आकडा लक्षात ठेवला तर पुढचं सगळं तोंडी करता येतं.

उंची कुठून कुठपर्यंत मोजायची, इथे चूक होते. छपराच्या शेंड्यापासून नव्हे, पन्हळीपासून, कारण पाणी पाइपात तिथून शिरतं. आणि खाली जमिनीपर्यंत नव्हे, टर्बाइनच्या तोंडापर्यंत. टर्बाइनमधून निघालेल्या पाण्याला पुढे टाकीत किंवा गटारात वाहून जायला उतार हवा, म्हणून टर्बाइन जमिनीपासून थोडं वर बसवावं लागतं. तिथे अर्धा-एक मीटर सहज जातो, आणि ६ मीटरमध्ये १ मीटर म्हणजे सहावा हिस्सा. खड्डा खणून टर्बाइन खाली बसवायची युक्ती अनेकांना सुचते. त्या खड्ड्यातलं पाणी आपोआप निघून जात असेल तर ठीक, पण ते पंपाने उपसावं लागत असेल तर मिळालेली वीज त्यातच संपते आणि वर पदरची घालावी लागते.

तिसरी पायरी: थेंबांच्या माऱ्याची ऊर्जा

इथे हमखास एक प्रश्न येतो. पाऊस तर ढगातून, दोन-दोन किलोमीटरवरून पडतो, मग आपण फक्त ६ मीटर का धरायचे? ती सगळी उंची गेली कुठे?

हवेत गेली. २ किलोमीटरवरून निघालेल्या १ किलो पाण्याकडे सुरुवातीला जवळपास २० हजार ज्यूल असतात. पण थेंब पडायला लागला की हवेचा विरोध वाढत जातो, आणि थोड्याच अंतरात तो थेंबाच्या वजनाइतका होतो. तिथून पुढे वेग वाढत नाही. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने जमिनीवर येतो, ५ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर. त्याहून फार मोठे थेंब हवेतच फुटतात, त्यामुळे ९ मीटरच्या आसपास निसर्गाची कमाल मर्यादा आहे. उरलेली ऊर्जा वाटेत हवा ढवळण्यात आणि किंचित गरम करण्यात खर्ची पडलेली असते.

छपरावर पोहोचताना प्रत्येक किलो पावसाकडे किती उरतं याचा अभ्यास वीजवाल्यांनी नव्हे, तर मातीची धूप मोजणाऱ्यांनी केला, कारण थेंबांच्या माऱ्यानेच माती सुटते. अमेरिकेतल्या विशमायर आणि स्मिथ यांनी १९५८ साली मांडलेल्या सूत्रानुसार तासाला १० मिलिमीटर पडणाऱ्या पावसात प्रत्येक किलोमागे सुमारे २१ ज्यूल असतात. पाऊस जोराचा झाला की थेंब मोठे होतात आणि आकडा वाढतो, पण तासाला ७५ मिलिमीटरच्या पुढे तो २८ च्या आसपास थांबतो. कारण उघड आहे, थेंब त्याहून मोठे होऊ शकत नाहीत.

आता हे २८ ज्यूल उंचीच्या भाषेत मांडून पाहा. २८ भागिले ९.८१ म्हणजे साधारण ३ मीटर. दोन किलोमीटरवरून आलेल्या पावसाचा सगळा मारा, तुमचं छप्पर ३ मीटरने उंच असतं तर जितकी ऊर्जा वाढली असती, तितकाच. हिशेब करताना म्हणूनच माझ्या मते सर्वात सोपी पद्धत ही: खऱ्या उंचीत सरळ ३ मीटर मिळवायचे.

कमाल वॉट-तास = क्षेत्रफळ × पाऊस × (उंची + ३) ÷ ३६७

आपल्या घरासाठी १०० × १००० × ९ ÷ ३६७ = सुमारे २४५० वॉट-तास, म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच युनिट. वर्षभराचा प्रत्येक थेंब धो धो पावसातलाच होता असं धरून आपण पावसाला झुकतं माप दिलं आहे. एक थेंब वाया गेला नाही, घर्षण शून्य, यंत्र निर्दोष, तर हे अडीच युनिट. ही ती मर्यादा. चांगल्या उन्हात १ चौरस मीटरचं सौर पॅनेल दिवसाला साधारण १ युनिट देतं, म्हणजे १०० चौरस मीटरवरच्या वर्षभराच्या पावसाचा कमाल वाटा त्या एका पॅनेलच्या अडीच दिवसांइतका.

मर्यादा ताणून पाहू

सूत्रात तीनच गोष्टी आहेत, तेव्हा त्या प्रत्येकीला टोकाला नेऊन पाहावं.

पाऊस वाढवू. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये गणल्या जाणाऱ्या मेघालयातल्या मौसिनराममध्ये वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तिथे आपलं घर नेलं तरी कमाल मर्यादा २९ युनिट, वर्षाची. आणि थोड्या वेळात प्रचंड पाऊस? २२ जून १९४७ रोजी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात होल्ट या गावी ४२ मिनिटांत ३०५ मिलिमीटर पडला. तो विक्रमी पाऊस आपल्या छपरावर पडला असता तर त्याची सगळी ऊर्जा १०० × ३०५ × ९ ÷ ३६७ = ७४८ वॉट-तास. पाऊण युनिट. ती ४२ मिनिटं मारा आणि उंची मिळून साधारण १ किलोवॉटची शक्ती येत राहिली असती, पण घर जागेवर राहिलं तर पुरे अशी तेव्हा परिस्थिती असणार.

उंची वाढवू. छप्पर १०० मीटरवर नेलं तर वर्षाला २८ युनिट होतात. मात्र उंच इमारतीत छप्पर तेवढंच राहतं आणि त्याखाली राहणारी माणसं मजल्यागणिक वाढतात. तीस मजल्यांत वाटले तर मजल्याला वर्षाचं एक युनिटही येत नाही.

उरलं क्षेत्रफळ, आणि जलविद्युत प्रकल्पाचं गुपित तिथेच आहे. १००० चौरस किलोमीटर पाणलोट म्हणजे आपल्यासारखी एक कोटी छपरं. डोंगरदऱ्या ते पाणी फुकटात एका ठिकाणी आणून देतात आणि वर शंभर-दोनशे मीटरचा उतारही देतात. छपराकडे यातलं काहीच नाही.

चौथी पायरी: प्रत्यक्षात हाती काय येतं

आता अडीच युनिटांतून वजाबाकी सुरू करू. थेंबांच्या माऱ्याचा हिस्सा पहिल्याच फटक्यात सोडून द्यावा लागतो, कारण छपरावर आपटून तो तुषार उडवण्यात आणि आवाजात संपतो. मग उरते उंचीची १६३५ वॉट-तास. छप्पर ओलं होण्यात, बाष्पीभवनात आणि उडण्यात सुमारे १५ टक्के पाणी जातं. पाइपातलं घर्षण आणि वळणं आणखी १५ टक्के खातात. इतक्या लहान टर्बाइनची कार्यक्षमता ५० टक्के मिळाली तर चांगली म्हणायची, छोट्या जनित्राची ६० टक्के, आणि बॅटरीत भरून परत काढण्यात आणखी २० टक्के जातात. हे सगळे गुणाकार केले की १६३५ चे उरतात सुमारे २८० वॉट-तास. मोबाइलची बॅटरी १५ वॉट-तासांची धरली तर वर्षाला अठरा-एकोणीस वेळा चार्ज.

याहून वाईट गोष्ट अशी की चार्जिंगचं सर्किट स्वतःही थोडी वीज पितं. ५ व्होल्टवर ६ मिलिअँपियर म्हणजे ३० मिलिवॉट, अगदी क्षुल्लक वाटणारी. पण ती वर्षाचे ८७६० तास चालू राहिली तर २६३ वॉट-तास होतात. म्हणजे जवळपास सगळं उत्पन्न, पाऊस नसताना जळत राहिलेल्या एका दिव्यात आणि सर्किटमध्ये. पाऊस थांबल्यावर ते पूर्ण तुटेल अशी सोय नसेल तर हा प्रकल्प शून्यावर येतो.

पाइप भरलेला नसतो, हा खरा अडथळा

करून पाहणाऱ्यांची सर्वात मोठी निराशा इथे होते. ६ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे ०.६ बार दाब देतो, पण फक्त पाइप खालपासून वरपर्यंत पाण्याने भरलेला असेल तेव्हाच. पावसाच्या पाण्याचे पाइप तसे भरत नाहीत, आणि भरू नयेत अशाच बेताने ते मोठे ठेवलेले असतात. पाणी पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून पातळ थरात उतरतं आणि मधे हवा असते. तो थर भिंतीला घासत येतो आणि उंचीची बरीच ऊर्जा वाटेतच सोडतो. खाली दाब येतच नाही.

आकड्यांत पाहू. तासाला ५० मिलिमीटर पावसात आपल्या छपरावरून सेकंदाला १.४ लिटर पाणी येतं. ६ मीटरच्या दाबाने ते सुमारे १३ मिलिमीटरच्या तोंडातून बाहेर पडेल आणि ८० वॉटच्या आसपास शक्ती देईल, तीही कागदावर. पाऊस तासाला ५ मिलिमीटरवर आला की पाणी एकदशांश होतं आणि तेवढ्यासाठी ४ मिलिमीटरचं तोंड लागतं. १३ चं तोंड ठेवलं तर पाइप रिकामा होतो आणि दाब नाहीसा होतो. ४ चं ठेवलं तर जोराच्या पावसात पाणी पन्हळीवरून बाहेर सांडतं. आणि वर्षातल्या बहुतेक तासांचा पाऊस हलकाच असतो.

यावर उपाय एकच, पन्हळीलगत एक पिंप. पाऊस कसाही असो, पाणी त्यात साठू द्यायचं. भरलं की सायफनने किंवा फ्लोटच्या झडपेने एकदम सोडायचं, म्हणजे पाइप पूर्ण भरून वाहतो आणि एकाच मापाचं तोंड नेहमी चालतं. पण किती मिळतं? २०० लिटरचं पिंप ६ मीटरवरून रिकामं झालं तर ३.३ वॉट-तास, सगळे तोटे वजा करण्याआधी. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलमध्ये साधारण तेवढीच ऊर्जा असते. तो सेल देण्यासाठी छपराच्या कडेवर २०० किलोंचं वजन टांगावं लागतं.

तुमच्या पाइपात किती शक्ती आहे ते मोजा

घड्याळ आणि बादली पुरते. जोराचा पाऊस सुरू झाला की पाइपाखाली २० लिटरची बादली धरा आणि ती भरायला लागलेले सेकंद मोजा. २५ सेकंद लागले तर सेकंदाला ०.८ लिटर. याला ९.८१ आणि उंचीने गुणा: ०.८ × ९.८१ × ६ = ४७ वॉट. ही कमाल शक्ती झाली. त्याच दिवशी पाऊस हलका झाल्यावर पुन्हा मोजा, फरक डोळ्यांसमोर येईल.

टर्बाइन लावून पाहायचंच असेल तर व्होल्टमीटरच्या आकड्यावर भुलू नका. नळाला जोडायची जी छोटी टर्बाइनं मिळतात त्यांच्यावर लिहिलेले वॉट बऱ्याचदा काही बार दाबासाठी असतात. ०.६ बारला त्यातलं चाक फिरतं, मोकळ्या तारांवर १२ व्होल्टही दिसतील, पण भार जोडला की व्होल्ट कोसळतात. तारांमध्ये १० ओहमचा, ५ ते १० वॉट झेपणारा रोधक जोडा आणि त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. व्होल्टचा वर्ग भागिले १० म्हणजे खरी शक्ती. ५ व्होल्ट दिसले तर अडीच वॉट. मोकळे १२ आणि भारावर २ असं दिसलं तर शक्ती ०.४ वॉट आहे, आणि बॅटरी त्यातून भरणार नाही.

थेंबांवर चालणाऱ्या पॅनेलचे दावे कसे तपासावेत

माऱ्याची ऊर्जा पकडणाऱ्या पातळ पापुद्र्यांवर गेली काही वर्षं बरंच संशोधन चालू आहे. २०२० साली हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी नेचर या नियतकालिकात दाखवलं की १५ सेंटिमीटरवरून पडलेला एक मोठा थेंब टेफ्लॉनच्या थरावर आपटून १०० छोटे एलईडी क्षणभर पेटवू शकतो. १४० व्होल्टहून जास्त दाब मिळाला, आणि शक्तीची घनता दर चौरस मीटरला ५० वॉट. काम अस्सल आहे. पण हा ५० चा आकडा बातम्यांत आला की लोक त्याला छपराच्या क्षेत्रफळाने गुणतात आणि ५ किलोवॉट काढतात.

कसोटी सोपी आहे. तासाला ५० मिलिमीटर पावसात १ चौरस मीटरवर आदळणारी माऱ्याची एकूण शक्ती किती? सेकंदाला सुमारे १४ ग्रॅम पाणी, किलोमागे २७ ज्यूल, म्हणजे ०.३७ वॉट. ५० वॉट हा आकडा त्याच्या शंभरपटीहून जास्त, म्हणजे तो सरासरीचा असूच शकत नाही. थेंब पसरतानाच्या अत्यल्प काळातलं ते शिखर आहे. जिथे जिथे 'वॉट प्रति चौरस मीटर' दिसेल तिथे ते शिखर आहे की सरासरी, हे विचारावं, आणि सरासरी सांगितली तर ती ०.४ च्या आत आहे का ते पाहावं. नसेल तर दावा खोटा किंवा वाचण्यात चूक.

एका थेंबाकडेही बघा. २ मिलिमीटरच्या थेंबात सुमारे ९० मायक्रोज्यूल असतात. एक वॉट-तास हवा तर असे चार कोटी थेंब लागतात, आणि प्रत्येकाची ऊर्जा पूर्ण पकडावी लागते. म्हणून या तंत्राचा उपयोग वेगळ्या जागी आहे. पाऊस सुरू झाल्याची खबर देणारा, स्वतःच्या थेंबांवरच जागा होणारा संवेदक यावर चालू शकतो, कारण त्याला मायक्रोवॉट पुरतात आणि त्याला वीज हवी तेव्हाच पाऊस असतो.

त्या उंचीचा दुप्पट-दसपट फायदा देणारा उपयोग

पन्हळीतलं पाणी आधीच उंचावर आहे. ते खाली सोडून वीज करायची, आणि मग दुसरीकडचं पाणी त्याच विजेने वर चढवायचं, यात दोन्ही वेळा तोटा होतो. त्याऐवजी ते पाणी वरच अडवलं तर?

समजा पन्हळीच्या खाली, ३ मीटरवर टाकी ठेवली आणि तिथून खालच्या मजल्याचे संडास, कपडे धुणं, बाग यांना पाणी दिलं. पंप आणि मोटर मिळून घरगुती कार्यक्षमता ३५ टक्के धरू. छपरावरून येणारे ८५ टन पाणी ३ मीटर चढवायला पंपाला ८५,००० × ३ ÷ ३६७ ÷ ०.३५ = सुमारे १९८० वॉट-तास लागले असते. टर्बाइनने मिळणारे २८० आणि वाचलेले १९८०, सात पट फरक, तोही निम्मी उंची वापरून. जिथे पाणी खोल विहिरीतून काढावं लागतं तिथे चढाई ३ मीटरची नसून ६० मीटरची असते, आणि त्याच ८५ टनांमागे वाचणारी वीज ४० युनिटांच्या आसपास जाते. पावसाच्या कमाल अडीच युनिटांपेक्षा हे जास्त कसं, याचं उत्तर असं की इथे पाऊस वीज देत नाही, फक्त पंपाची होणार असलेली उधळपट्टी टळते.

अर्थात सगळे ८५ टन वापरले जाणार नाहीत, कारण पाऊस ठरावीक दिवसांत येतो आणि टाकी भरल्यावर उरलेलं सोडावंच लागतं. १००० लिटरची टाकी दिवसाला एकदा रिकामी होत असेल आणि पावसाचे दिवस ६० असतील, तर वापर ६० टनांच्या आत राहील. म्हणून टाकी मोठी घेण्यापेक्षा रोजचा वापर त्यावर आणणं महत्त्वाचं. टाकीचा आधार भरलेल्या वजनावर ठरवा, १००० लिटरला एक टन आणि वर टाकीचं स्वतःचं. तो भार सज्जावर कधीच नको, खालपर्यंत गेलेल्या खांबांवर किंवा भिंतीवर घ्यावा. सांडवा मात्र येणाऱ्या पाइपाइतकाच रुंद ठेवा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात पाणी पन्हळीत उलटं चढून भिंतीत उतरेल.